वसतिगृह इमारत, दारव्हा तालुका: माती तपासणी आणि पायाच्या नोंदी

९ मे

तळमजला अधिक एक मजला, आरसीसी फ्रेम, पूर्व-पश्चिम ३० मीटर आणि उत्तर-दक्षिण १४ मीटर. मधल्या कॉलमवर सुमारे ६० टन, कडेच्या कॉलमवर ३५ आणि व्हरांड्याच्या कॉलमवर जेमतेम १२ टन भार येतो. जागा म्हणजे कालपर्यंत पऱ्हाटी उभी असलेलं वावर. पश्चिमेला रस्ता, पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे नाला. आज जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा आहेत. वितभर लांब सळई सहज आत गेली म्हणून पुढे बांधकामाची सळई टाकून पाहिली. काही ठिकाणी ती सव्वा मीटरपर्यंत गेली.

भारतीय मानक आयएस १८९२ प्रमाणे एवढ्या जागेला चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक असे पाच बोअर ठरवले. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याची पातळी १००.०० धरली आणि प्रत्येक बोअरच्या तोंडाची पातळी तिच्यावरून लेव्हलने काढली. हे काम बोअर सुरू होण्याआधीच करायचं. अहवालात "जमिनीखाली अडीच मीटर" असं लिहिलं आणि मधल्या काळात कोणी जेसीबीने जागा सपाट केली, की त्या अडीच मीटरला काही अर्थ उरत नाही.

११ मे

बोअर १, वायव्य कोपरा. तोंडाची पातळी ९९.६०.

वरचा १.७ मीटर काळी माती. तिच्याखाली पिवळसर तपकिरी चिकण माती, तिच्यात चुनखडीचे खडे. २.१ मीटरवर मुरूम लागला, म्हणजे पातळी ९७.५०.

१.५ मीटरवर एसपीटी घेतली, म्हणजे हातोड्याच्या फटक्यांनी नळी मातीत ठोकून फटके मोजायची चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा, ७५ सेंटिमीटर उंचीवरून. पहिल्या १५ सेंटिमीटरला ५ फटके, दुसऱ्या १५ ला ८, तिसऱ्याला ९. पहिले धरायचे नाहीत, पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन, म्हणून एन १७. फॉर्मवर मात्र तिन्ही आकडे लिहून घेतले. नुसता "१७" लिहिलेला लॉग पुढे तपासता येत नाही. चुनखडीचा खडा नळीच्या टोकाखाली आला तर एकाच टप्प्यात फटके उडी मारतात, आणि ती उडी तीन आकड्यांतच दिसते. इथेही एका चाचणीत तसंच झालं: ४, ६, १७. हा एन २३ मातीचा नाही, खड्याचा आहे. लॉगमध्ये त्यापुढे तसा शेरा मारला.

१३ मे

बोअर २ (नैर्ऋत्य) आणि बोअर ५ (मध्य) पूर्ण. मुरूम अनुक्रमे २.४ आणि २.९ मीटरवर, पातळीत ९७.०५ आणि ९६.३५. मुरूम पूर्वेकडे उतरतो आहे.

काळ्या मातीचा अखंड नमुना पातळ नळीतून घ्यायचा प्रयत्न सोडून दिला. मे महिन्यात ही माती भेगांवरून ढेकळांत तुटते आणि नळीत तुकडेच येतात. मध्य बोअरजवळ दीड मीटरचा खड्डा खणून १.२ मीटर खोलीवर ३० सेंटिमीटरचा घन ठोकळा हाताने कोरून काढला. मलमलीचं कापड, मग मेण, पुन्हा कापड आणि पुन्हा मेण, आणि भुश्याच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेत. फुगण्याच्या दाबाची चाचणी मला याच ठोकळ्यावर हवी आहे. फोडलेल्या आणि पुन्हा ठासलेल्या मातीवरचा आकडा जागेवरच्या मातीचा नसतो.

१७ मे

बोअर ४, ईशान्य कोपरा, नाल्याकडचा. तोंड ९८.९५. आजची नोंद जरा सविस्तर, कारण संपूर्ण अहवाल याच बोअरवर चुकू शकला असता.

२.७ मीटरपर्यंत काळी आणि पिवळी माती. तिथे हातोड्याचे ५० फटके दिले तरी नळी ४ सेंटिमीटरच आत गेली. ड्रिलर म्हणाले, "साहेब, पाषाण लागला. कोअर काढून बंद करू." एनएक्स मापाचं बिट लावून कोअरिंग, म्हणजे दगडाचा दंडगोल कापून काढणं, सुरू केलं. ४५ सेंटिमीटरचा काळा, घट्ट बेसाल्ट आला. तीन तुकडे, तिन्ही १० सेंटिमीटरपेक्षा लांब. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांचा वाटा म्हणजे आरक्यूडी, आणि कागदावर तो उत्तम. इथेच थांबलो असतो तर "२.७ मीटरवर कठीण खडक" अशी ओळ अहवालात गेली असती आणि बाकीच्या जागेपेक्षा हाच कोपरा सर्वांत भक्कम ठरला असता.

पण कोअरची दोन्ही टोकं पाहण्यासारखी होती. वरचं टोक गोलाकार, गंजल्या रंगाच्या पापुद्र्यांनी वेढलेलं. खालचंही तसंच. अखंड खडकात वरचं टोक झिजलेलं असू शकतं, पण खाली जाताना दगड ताजा होत जायला हवा. खालच्या टोकाला पुन्हा सालं दिसली तर तो सुटा धोंडा. दख्खनच्या बेसाल्टला भेगांच्या चौकटी असतात. पाणी भेगांतून आत शिरतं, कोपरे आधी कुजतात, आणि मधला गाभा कांद्यासारखी सालं सोडत गोल होऊन मुरमातच अडकून राहतो. विहीर खणणाऱ्यांना असे धोंडे रोज भेटतात.

३.२ मीटरला बिट एकदम सुटलं आणि परत येणारं राखाडी पाणी पिवळं झालं. ३.३ वर पुन्हा एसपीटी घेतली: एन १४. मातकट, ओलसर, बोटाने दबणारा माल. खरा मुरूम ३.९ मीटरवर, म्हणजे ९५.०५ पातळीवर. ४.५ ला एन ३४. खाली तो कठीण होत गेला आणि ६.४ पासून सलग खडक. त्यात ३ मीटर कोअर घेऊनच बोअर बंद केला. कोअर रिकव्हरी ७८ टक्के, आरक्यूडी ४१. विदर्भात रिफ्युजल मिळाल्या मिळाल्या, म्हणजे फटके देऊनही नळी आत जाईनाशी झाली की लगेच, बोअर बंद करायचा नाही. सलग ३ मीटर खडक हाताला लागल्याशिवाय त्याला खडक म्हणायचं नाही, कारण एक मीटर व्यासाचे धोंडेही इथे असतात.

बोअर ३ (आग्नेय) सायंकाळी संपला: तोंड ९९.१०, मुरूम ३.६ वर, पातळी ९५.५०.

म्हणजे मुरमाची पाठ ९७.५० वरून ९५.०५ वर उतरते, इमारतीच्या लांबीत जवळजवळ अडीच मीटर. जमीन मात्र वरून सपाट दिसते. नाल्याने कधीकाळी इथली खोली काळ्या मातीने भरून टाकली आहे.

चोवीस तासांनी मोजलं तेव्हा एकाही बोअरमध्ये पाणी नव्हतं. मे महिन्यातलं "पाणी आढळलं नाही" हे वाक्य तारखेशिवाय अहवालात जाऊ नये.

३ जून

प्रयोगशाळेचे निकाल आले. काळी माती: लिक्विड लिमिट, म्हणजे माती वाहू लागते तो ओलावा, ७२ टक्के; प्लास्टिक लिमिट, म्हणजे ती वळताना तुटू लागते तो ओलावा, ३१; म्हणून दोन्हींतला फरक, प्लास्टिसिटी इंडेक्स, ४१. पिवळी माती: ५४ आणि २७.

फ्री स्वेल चाचणी आम्हीच पुन्हा करून पाहिली, कारण ती स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त तीच बिघडते. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली, भट्टीत वाळवलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती १०० मिलीलिटरच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत रॉकेल, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी. काचेच्या कांडीने हवेचे बुडबुडे काढून २४ तास तशीच ठेवायची. रॉकेलमध्ये काळी माती फुगत नाही. तिथे ती १० मिलीलिटरवर बसली. पाण्यात २१ वर. फुगणं ११० टक्के. पिवळी माती १० वरून १६, म्हणजे ६० टक्के. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी विहिरीचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळे माती कमी फुगते आणि निकाल खोटा सौम्य येतो.

आयएस १४९८ च्या तक्त्यात काळी माती प्लास्टिसिटीप्रमाणे "अति तीव्र" आणि फ्री स्वेलप्रमाणे "तीव्र" या खान्यात येते. दोन निकषांचं उत्तर वेगळं आलं की वाईट ते धरायचं.

मेणात आणलेल्या ठोकळ्यावर फुगण्याचा दाब स्थिर घनफळ पद्धतीने काढला. सुरुवातीचा ओलावा १५ टक्के: दाब २१ टन प्रति चौरस मीटर. त्याच ठोकळ्याचा दुसरा भाग आधी २८ टक्क्यांपर्यंत ओला करून तपासला तर ४ टन. माती एकच आहे. फरक फक्त पाणी पडण्याआधी ती किती कोरडी होती याचा, म्हणून फुगण्याच्या दाबाशेजारी सुरुवातीचा ओलावा छापलाच पाहिजे.

सल्फेट किरकोळ. सिमेंटचा खास प्रकार लागत नाही.

९ जून

अहवालाचा पहिला मसुदा. यात एक हिशेब मुद्दाम मांडून ठेवतो, कारण अशा जागांचे बरेच अहवाल याच रस्त्याने जातात.

दीड मीटरवरचा एन १७ घेतला, त्यावरून कोहीजन, म्हणजे मातीचा चिकटून राहण्याचा जोर, सुमारे १० टन प्रति चौरस मीटर धरलं, सहापट करून सुरक्षिततेसाठी अडीचने भागलं, तर सुरक्षित क्षमता २४ टन येते. मग "सावधगिरी म्हणून" १५ लिहिलं जातं, आणि पाया दीड मीटरवर. सगळं सुरक्षित दिसतं.

हा १७ मातीचा कायमचा गुण नाही. १ मीटरवरचा ओलावा मे महिन्यात १४ टक्के होता, प्लास्टिक लिमिटच्या निम्म्याहून कमी. अशी माती विटेसारखी कडक असते. शिवाय २१ टनांचा फुगण्याचा दाब पायाच्या १५ टनांपेक्षा जास्त आहे. व्हरांड्याच्या कॉलमला १.२ मीटर चौरस फुटिंग दिलं तर दाब ८ टनच पडतो. पावसाळ्यात हलका व्हरांडा वर उचलला जाईल, जड मधला भाग कमी उचलला जाईल, आणि जोडावरच्या भिंतीला तिरकस भेग पडेल. उन्हाळ्यात ती मिटेल, पुढच्या पावसात पुन्हा उघडेल. सिमेंट भरून ती कधीच बुजत नाही.

इथे एक मर्यादाही नोंदवतो. २१ टन हा माती अजिबात हलू दिली नाही तर येणारा दाब आहे. थोडी फुगू दिली की तो झपाट्याने उतरतो. त्यामुळे "इमारतीला २१ टनांचा धक्का बसेल" असं लिहिणं अतिरेकी ठरेल. पण कोणता कॉलम किती हलेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि फ्रेमला तेच झेपत नाही.

२२ जुलै

चांगला पाऊस झाल्यावर बोअर १ आणि ३ शेजारी पुन्हा ड्रिलिंग करून पाहिलं. भेगा मिटल्या आहेत. बोअर १ शेजारी १ मीटरवर ओलावा १४ वरून ३३ टक्के, दीड मीटरवर १९ वरून ३० टक्के. दीड मीटरवरचा एन १७ होता तो आता ६. त्याच हिशेबाने क्षमता ८ टनांच्या आसपास येते. बोअर ३ मध्ये ३ मीटरवर मात्र मे महिन्यात २८ आणि आता २९ टक्के. तिथपर्यंत ऋतू पोचत नाही. पाणी बोअर ३ मध्ये २.२ मीटरवर उभं आहे.

या एका फेरीचा खर्च पूर्ण तपासणीच्या तुलनेत थोडा आहे. पण "काळ्या मातीवर पाया नको" हे ग्राहकाला पटवायला १७ आणि ६ हे दोन आकडे शेजारी शेजारी पुरे पडतात.

२९ जुलै

पायाचा प्रकार ठरवताना तीन पर्याय टेबलावर होते.

अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली बल्बसारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, काळ्या मातीसाठीच निघाले आहेत, म्हणून आधी तेच पाहिले. आयएस २९११ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे खोल काळ्या मातीत ते किमान साडेतीन मीटर खाली जावे लागतात आणि बल्बचा व्यास दांड्याच्या अडीचपट असतो. पूर्वेकडे जमतं. पश्चिमेला २.१ मीटरवर मुरूम आहे. हाताच्या ऑगरने त्यात बल्ब कापता येत नाही. अर्धी इमारत पाइलवर आणि अर्धी फुटिंगवर ठेवली तर दोन भाग वेगवेगळे बसतील. बाद.

राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग स्लॅब: वरच्या मातीतच राहतो, कडा ओल्या होतात आणि मध्य कोरडा राहतो, त्यामुळे तो बशीसारखा वाकतो. त्याला पुरेसा ताठ करायचा खर्च या इमारतीला परवडत नाही. बाद.

उरलं ते सुटी फुटिंगं, सगळी मुरमावर. मुरमाची निव्वळ सुरक्षित क्षमता २५ टन प्रति चौरस मीटर शिफारस केली. बसण्याच्या हिशेबाने याहून जास्त मिळतं: २ मीटर रुंद फुटिंग २५ टनांवर पश्चिमेला सुमारे १२ मिलिमीटर बसेल आणि ईशान्येला, एन ३४ धरून, सुमारे १७. आयएस १९०४ च्या मर्यादेत दोन्ही आरामात आहेत. तरी वर गेलो नाही. मुरमात नळीखाली दगडाचे तुकडे येऊन एन वाढलेला असतो, आणि उघडा पडलेला मुरूम भिजला की वरचा थर मऊ होतो. ६० टनांच्या कॉलमला फुटिंगच्या वजनासकट ६६ टन धरून १.६५ मीटर चौरस पुरतं. क्षमता ३५ केली असती तरी काँक्रीट फारसं वाचलं नसतं.

२ ऑगस्ट

पूर्वेकडची खोली हा खरा प्रश्न. ईशान्येला मुरमात २० सेंटिमीटर शिरायचं तर तळ ९४.८५ वर जातो, जमिनीपासून ४.१ मीटर. तिथून प्लिंथ बीमपर्यंत कॉलम उभा केला तर तो पश्चिमेच्या कॉलमच्या जवळजवळ दुप्पट लांब आणि बारीक होतो.

शिफारस अशी: सर्व फुटिंगांचा तळ ९६.८५ या एकाच पातळीवर. जिथे मुरूम त्याखाली आहे तिथे खड्डा मुरमात २० सेंटिमीटर शिरेपर्यंत खणायचा आणि एम १० काँक्रीटने ९६.८५ पर्यंत भरून काढायचा. भराव फुटिंगपेक्षा चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर मोठा. ईशान्येला हा ठोकळा २ मीटर उंच होतो. वजन ४.६ टन प्रति चौरस मीटर, पण तेवढीच माती काढली ती ३.८ टनांची, म्हणजे मुरमावर निव्वळ वाढ १ टनाच्या आत. सगळे कॉलम सारख्या लांबीचे राहतात.

दुसरा मुद्दा नकाशात सहसा नसतोच: कॉलमभोवतीची भरणी. व्हरांड्याच्या ३०० मिलिमीटर चौरस कॉलमचा परीघ १.२ मीटर. काढलेली काळी मातीच परत टाकली आणि फुगताना ती फुटिंगच्या वर २ मीटर उंचीत कॉलमला ३ टन प्रति चौरस मीटरने धरून वर ओढू लागली, तर ओढ ७ टनांच्या वर जाते. त्या कॉलमवर कायमचा भार ८ टन. इमारत पूर्ण झाल्यावर कसंबसं निभेल, पण बांधकाम प्लिंथवर थांबून एक पावसाळा गेला तर कॉलमच्या मुळाशी ताण येतो आणि आडवी भेग पडते. म्हणून काळी माती परत टाकायची नाही. भरणी मुरमाची, १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून ठोकलेली.

पण कोणताही मुरूम चालत नाही. भरड, वाळूसारखा मुरूम काळ्या मातीच्या खड्ड्यात भरला की तो पाण्याची टाकी बनतो आणि आजूबाजूच्या मातीला आतून पाणी पाजतो. थोडा चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम हवा. जवळच्या खाणीतला नमुना तपासला: बारीक भागाची फ्री स्वेल २५ टक्के. चालेल. मर्यादा ५० ठेवली.

६ ऑगस्ट

अंतिम अहवालातल्या उरलेल्या शिफारशी. प्लिंथ बीमच्या खाली ८० मिलिमीटर पोकळी राहील, आणि तिच्या बाजूला विटेची आड लावायची, नाहीतर माती ढासळून पोकळी भरते. जमिनीच्या फरशीखालची काळी माती १ मीटर काढून तोच मुरूम. इमारतीभोवती दोन मीटर रुंद फरसबंदी, बाहेर ३० ला १ उतार, गच्चीचं पाणी पाइपने फरसबंदीच्या पलीकडे. शौचालयाची टाकी मूळ नकाशात भिंतीला लागून होती, ती नाल्याच्या बाजूला हलवायला सांगितलं. गळती झाली तर एकाच कोपऱ्यात बाराही महिने पावसाळा राहतो.

खोदकाम नोव्हेंबरनंतर. पावसाळ्यात ४ मीटरचा खड्डा या मातीत उभा राहत नाही, आणि मे महिन्यात भेगांवरून आख्ख्या पाचरी सुटून पडतात. पूर्वेच्या खड्ड्यांना १ ला १ उतार किंवा पायऱ्या; माणूस सरळ भिंतीखाली उतरवायचा नाही.

११ डिसेंबर

पूर्वेच्या रांगेतले खड्डे उघडले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला चार कोपऱ्यांत आणि मध्ये जम्परने १ मीटर खोल भोकं पाडून पाहिली. एका खड्ड्यात तळाच्या अर्ध्या भागात काळा घट्ट दगड आणि उरलेल्या अर्ध्यात मुरूम दिसला. दगडातलं भोक ६० सेंटिमीटरला मऊ मालात सुटलं. बोअर ४ सारखाच धोंडा. तसाच ठेवला असता तर फुटिंगचा एक भाग दगडावर टेकला असता आणि दुसरा दबला असता. ब्रेकरने फोडून काढला, खालचा मऊ माल हाताने साफ केला, आणि या खड्ड्याचा तळ ९४.५० वर गेला. वाढलेली खोली एम १० नेच भरायची.

बाकीच्या खड्ड्यांत शेवटचे १५ सेंटिमीटर मुरूम राखून ठेवले आहेत. ते काँक्रीटच्या दिवशी सकाळी काढायचे आणि दुपारपर्यंत पहिला थर ओतायचा. रात्रभर उघडा राहिलेला तळ दुसऱ्या दिवशी पहारीने टोचून पाहायचा. पहार सहज घुसली तर तेवढा थर पुन्हा खरवडून काढायचा.